सत्तेचाळिसाव्या सेकंदाचा कट

सोमेशला मी त्या दिवशी खुर्चीसकट जिन्यावरून खाली ढकलणार होते. कारण काय, तर व्हूश.

व्हूश म्हणजे तो आवाज, जो हल्ली प्रत्येक फिरस्त्याच्या व्हिडिओत दर चार सेकंदांनी येतो. चित्र गरकन फिरतं, सूंऽऽ होतं आणि आपण दुसऱ्या गावात. सोमेशनं असल्या तयार ट्रान्झिशन्सचा एक गठ्ठाच कुठून तरी उतरवून घेतला होता आणि मी डबा खायला गेले तेवढ्यात माझ्या टाइमलाइनवर ओतला होता. सुरुवातीच्या झलकीतच लातूर सोडलं, गरकन. अहमदपूर आलं, सूं. नांदेडात चहा प्याला, तर काच फुटल्यासारखं चित्र. चहाला काच कशाला फुटायला पाहिजे, सांगा ना!

"लोक टिकतात त्यानं," सोमेश म्हणाला.

"लोकांना चक्कर येते त्यानं. हात काढ माउसवरून."

मी प्रियदर्शनी. लग्नाचे व्हिडिओ कापून कापून हात बसलेली एडिटर. लातूरच्या ट्यूशन एरियात एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली आहे, तिथंच माझा कॉम्प्युटर. सोमेश माझ्याच कॉलेजचा, त्याच्या वडलांची, अप्पांची, डाळ मिल आहे. त्याला मिलमध्ये बसायचं नव्हतं, व्हिडिओ करायचे होते. यावेळी तो माहूरला गेला होता, आणि कल्पना माझी होती. म्हटलं, बाबा, नुसतं 'हाय गाइज' करत फिरू नको. एक तुरीच्या डाळीचं पोतं घे. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ते हमालाच्या पाठीवर चढतं तिथून सुरू कर, आणि माहूरच्या डोंगरावर एका मठात पंगतीला त्याचं वरण शिजतं तिथं संपव. पोत्याच्या मागं मागं जा.

मोंढ्यातलं पोतं उचललं माझ्या मोठ्या बाबांनी. केरबा त्यांचं नाव, माझ्या वडलांचे थोरले भाऊ, तीस वर्षं हमाली केलेला, सोमेशच्या अप्पांचाही माल उचलणारा माणूस. आधी नको नको म्हणाले. मीच मागं लागले. मग शूटिंगच्या सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. हमालीला इस्त्रीचा शर्ट! साऱ्या मोंढ्याला सांगून ठेवलं होतं, माझी पुतणी पिच्चर बनवून राहिली, मी हाय त्यात.

आणि त्याच शॉटवर माझा जीव होता. मोठे बाबा पोतं पाठीवर घेऊन डावीकडून उजवीकडं चालतात, कॅमेरा मागून, इतका जवळ की पोतंच फ्रेमभर. वर निळी पट्टी, पावलागणिक पोतं हलतं. आणि माहूरच्या फुटेजमध्ये मला तेच पोतं तसंच फ्रेमभर सापडलं. तीच निळी पट्टी, तीच दिशा, डोंगरावर चढताना तसंच हलणारं. मला तर घबाडच मिळालं.

दोन दिवस त्या एका जोडावर बसले. एक शॉट दुसऱ्याच्या वर ठेवला, वरचा अर्धा पारदर्शक केला आणि पट्टीवर पट्टी येईपर्यंत खालचा सरकवला, थोडा मोठा केला. पावलं जुळेनात म्हणून दुसऱ्याचा वेग शंभराचा ब्याण्णव टक्के केला. कट टाकला तो पोतं वर उचकतं त्या ऐन फ्रेमवर, कारण हालचाल चालू असली की डोळा तिच्यासोबत जातो, सांधा बघत नाही. डोंगरावरचा वारा आठ फ्रेम आधीच सोडला, म्हणजे कान आधी माहूरला पोचतो, डोळा मागून. ना फिरणं, ना सूं, ना काच. पाठ मोंढ्यात वाकते आणि पोतं डोंगरावर जातं. सत्तेचाळिसावा सेकंद.

सोमेशनं तिथंही व्हूश घातलं होतं. वर पांढरा फ्लॅश.

"इथं काहीतरी घडलं पाहिजे ना, प्रिया," म्हणे.

"घडलंय की! अडीचशे किलोमीटर सरले एका पावलात. तू सूं केलंस की लोकांना कळतं, हितं तुकडा संपला, दुसरा लागला. मला तुकडे नकोत, एकच चाल पाहिजे. हात लावलास ना ह्या कटाला, तर तुझा व्हिडिओ तू काप. मी चालले."

दोन तास भांडलो. मी की-बोर्ड उपटून मांडीवर घेऊन बसले होते, खोटं नाही सांगत. शेवटी तो म्हणाला, "घे बाई, तुझाच कट ठेव." एवढा आनंद मला डिग्री मिळाली तेव्हा नव्हता झाला.

शुक्रवारी व्हिडिओ टाकला. सोमवारी सोमेशचा फोन, नुसता किंचाळत होता. त्याचं चॅनल लहान, अजून यूट्यूबकडून कमाई सुरू झालेली नाही, एरवी चार-पाच हजार लोक बघतात. हा सत्तर हजारांवर गेला होता. मी आधी आलेख उघडला. लोक कुठपर्यंत टिकले ती रेघ. एरवी ती पहिल्या मिनिटात घसरते, इथं सपाट चालली होती आणि सत्तेचाळिसाव्या सेकंदाला चक्क टेकाड! टेकाड म्हणजे लोक मागं नेऊन तेवढंच परत बघतायत. माझा कट परत परत बघतायत. मी खोलीत एकटीच नाचले. कॉमेंट काही वाचल्या नाहीत. आलेख बोलत होता तर कॉमेंट कशाला वाचू?

मंगळवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मोठे बाबा. मोंढ्यातून तडक आलेले, डोक्यावर टॉवेल तसाच.

"जय भीम, मोठे बाबा, बसा," म्हटलं. बसले नाहीत.

"त्यो पिच्चर लाव," म्हणाले.

मी हौसेनं लावला. सत्तेचाळीस आलं. त्यांची पाठ, पोतं, पोतं. मग डोंगरावरचं पोतं पुढं सरकलं, कॅमेरा मागं राहिला आणि दोन लांब कान दिसले.

माहूरला त्या मठापर्यंत गाडी जात नाही. सामान गाढवावर चढतं.

मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. तो शॉट मी शेकडो वेळा बघितला होता. पण मी पट्टी बघत होते, वेग बघत होते, फ्रेम मोजत होते. गाढव मला दिसतच नव्हतं, पोत्याखालचं कायतरी दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर पोत्याखाली मोठे बाबाही दिसत नव्हते.

"वाच," ते म्हणाले. "खाली लोकांनी काय लिवलंय, वाच मोठ्यानं."

माझ्यानं वाचवेना. केरबा ते गाढव, एका सेकंदात. दोघांत फरक ओळखा. आणि हसणारी तोंडं, ओळीनं.

"मोंढ्यात मी गेलो की आता पोरं रेकतात," मोठे बाबा म्हणाले. आवाज चढला. "तीस वर्सं! कुणाची टाप नव्हती माज्याकडं बोट करायची! मला वाटलं त्या मालकाच्या पोरानं केलं. सकाळी मिलमदी जाऊन गचांडी धरली त्याची. तर त्यो काय म्हनला? काका, मी तिथं मधी काय तरी घालत व्हतो, प्रियानं भांडून काढाया लावलं. खरं हाय?"

"हाव," म्हटलं.

"भांडून?"

"दोन तास."

त्यांनी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. सोमेशचं ते भिकार व्हूश असतं ना, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पांढरा फ्लॅश झाला असता, सूं झालं असतं, माणूस वेगळा राहिला असता आणि जनावर वेगळं. मी सांधा पुसला म्हणून ते एक झाले. जितका कट साफ, तितकी शिवी साफ. थू माझ्या जिनगानीवर!

मी सोमेशला फोन लावला. "तेवढं काढते मी."

"वेडी झालीस का? त्र्याण्णव हजार झालेत! लाख होऊ दे, मग काय करायचं ते कर."

"लाखाच्या वर गेला की तुझ्यासारख्या चॅनलला यूट्यूब कापू देत नाही. माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं हरामखोराला.

"त्या टेकाडावरच चाललाय तो व्हिडिओ, प्रिया. आणि कट तुझाच होता. मी नको म्हणत होतो."

"खरंय तुझं. माझाच होता. म्हणून मीच काढते. फोन ठेव, नाहीतर तुझ्या अप्पांना फोन लावते आणि त्यांच्या मोंढ्यातल्या माणसाला काय काय म्हणतायत लोक ते सगळं वाचून दाखवते."

अप्पांचं नाव निघालं की सोमेशचा आवाज खाली येतो. "कर काय करायचं ते," म्हणाला आणि फोन आपटला.

चॅनलवर मला एडिटरचा अधिकार आहे. व्हिडिओ न उतरवता, आहे त्याच जागी मधला तुकडा कापता येतो, फक्त नवा व्हायला काही तास लागतात. मी कापायची जागा उघडली. डोकं आपलं काम करतच होतं. डोंगराचा शॉट पुढं पायऱ्यांवरून भटारखान्यात जातो, आवाज सलग आहे, तो तोडला तर झटका बसेल. मोंढ्याचे सहा सेकंद मात्र सुटे आहेत. अलगद निघतील, कुणाला कळणारही नाही. मी लाल रेघा ओढल्या आणि सहा सेकंद खुणेत घेतले.

"ह्ये काय करून राहिलीस?" मोठे बाबा खुर्चीमागं येऊन उभे राहिले होते.

"काढते ना, मोठे बाबा. हे बघा, तुम्ही दिसणारच नाही आता. कुणी काही म्हणणार नाही."

"मला काढून राहिलीस?"

मी मान वळवली.

"पोतं म्या उचललं," ते म्हणाले. "शरट घालून आलो व्हतो. मला कशापायी काढतीस? गाढवाला काढ की!"

लाल रेघा मी परत ओढल्या. त्यांच्या पावलापासून उजवीकडं, पट्टी, वारा, डोंगर, कान, पायऱ्या, सगळं आत घेतलं. मग चालवून बघितलं. मोठे बाबा पोतं घेऊन चालतात आणि मधेच खाड्कन वरणाची कढई. आवाज तुटतो, उजेड बदलतो. लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा असला जोड मी कधी ठेवला नसता.

"असं ठेवू?" मी विचारलं.

त्यांनी परत एकदा लावायला सांगितलं. स्वतःची पाठ बघितली, शर्ट बघितला. मग टॉवेल झटकून खांद्यावर घेतला.

"ठेव. आन् प्रिया, यापुढं कॅमेरा घेऊन माज्याकडं यायचं न्हाई," म्हणाले आणि जिना उतरून गेले.