बाहेरचं चाक

रविवारी मुरुम गावचा धान्याचा मोंढा बंद असतो. लिलावाच्या सिमेंटच्या पटांगणात महेश्वरीनं रंगाचे रिकामे डबे मांडून इंग्रजी आठाचा रस्ता आखला होता. तिचे आज्जा, शांतलिंग मिस्त्री, शेडच्या सावलीत पोत्यावर बसले होते. त्यांची चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेली होती.

महेश्वरी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिनं आणि तिच्या वर्गातल्या रुद्रेशनं विजेवरची एका माणसाची गाडी केली होती, तीही आज्जांच्याच गॅरेजात. मागच्या दोन चाकांना दोन वेगवेगळ्या मोटारी. चार वाजता कॉलेजच्या दीपमाला मॅडम येणार होत्या. एक गोल साडेसहा सेकंदांत झाला तर गाडी स्पर्धेला जाणार, नाहीतर दोन वर्षांची मेहनत शेडमध्ये धूळ खात पडणार. आता अडीच वाजले होते.

"डावीकडं वळायचं असलं तर बाहेरच्या, म्हणजे उजव्या चाकाला जास्त जोर द्यायचा," रुद्रेश सांगत होता. "आतल्याला कमी. बाहेरचं चाक रेटतं, अन् गाडीचं नाक आत येतं."

"ट्रॅक्टर बांधावर वळवताना आमी आतल्या चाकाचा ब्रेक दाबतो."

"तसंच आज्जा, पण हे धरून ठेवायचं न्हाय. स्टिअरिंग किती फिरलं, गाडी खरंच किती वळली, हे कॉम्प्युटर बघतो अन् सेकंदाला शंभर वेळा दोन्ही चाकांचा जोराचा वाटा बदलतो."

ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलची दातेरी चाकं शांतलिंगना अंधारातही ओळखता येत. वळणावर तो दोन चाकांना कमी-जास्त फिरू देतो, पण जोर दोघांना सारखाच वाटून देतो. कुणाला किती जोर द्यायचा हे कुणीतरी सेकंदाला शंभरदा ठरवतंय, हे त्यांच्या मनात मावत नव्हतं.

गाडी सरळ रेषेत सुरेख धावली. डावं वळण आलं आणि ती आत यायच्या ऐवजी बाहेर सरकत गेली. चार डबे आडवे झाले.

"ह्यापेक्षा आमच्या बिराप्पाची म्हैस बरी वळती," हेल्मेट काढत महेश्वरी म्हणाली.

रुद्रेशनं लॅपटॉपवर बाहेरच्या चाकाचा वाटा वाढवला. आता सात डबे पडले. आणखी वाढवला, तर गाडी भिंतीजवळ जाऊन थांबली.

"सगळं बंद करू," महेश्वरी म्हणाली. "दोन्ही चाकांना सारखं दे."

"मग सात सेकंद लागतील. सकाळी बघितलंस की."

शांतलिंग उठले आणि वळणापाशी जाऊन उकिडवे बसले. पटांगणावर तुरीच्या भुशाची बारीक धूळ होती. उजव्या चाकाची नक्षी तीत स्वच्छ उमटली होती. डाव्या चाकाची मात्र फरफट झाली होती, जागोजाग सिमेंट उघडं पडलं होतं.

"महेश्वरी, आतलं चाक जोरात फिरतंय गं. बाहेरचं नुसतं मागं मागं येतंय."

"स्क्रीनवर उजव्यालाच जास्त दिसतंय, आज्जा."

"स्क्रीन काय सांगतो ते राहू दे. गाडी उचला."

मागची बाजू लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं अधांतरी राहिली. रुद्रेशनं स्टिअरिंग डावीकडं धरून पेडल हळूच दाबलं. स्क्रीनवर उजव्याचा आकडा मोठा झाला, आणि भरारा फिरलं डावं चाक.

शांतलिंग तारांपाशी वाकले. कॉम्प्युटरकडून दोन्ही मोटारींच्या पेट्यांकडे हुकूम नेणाऱ्या दोन बारीक तारांना 'डावं', 'उजवं' अशा चिठ्ठ्या त्यांनीच बांधल्या होत्या. ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून ते आयुष्यभर इंजिनासमोर, तोंडाशी उभे राहिले होते. त्यांच्या डाव्या हाताला जे, ते डावं. गाडीत बसणाऱ्याचं ते उजवं होतं.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "म्या समोरनं बघून चिठ्ठ्या बांधल्या."

महेश्वरीनं वाकून चिठ्ठ्या बघितल्या. मग रुद्रेशला म्हणाली, "म्हणजे गाडी जितकी कमी वळायची, तितकं कॉम्प्युटर बाहेरच्याला वाढवायचा, अन् ते सगळं आतल्याला जायचं."

"अन् मी वरनं अजून वाढवत बसलो," रुद्रेश म्हणाला.

बॅटरीचा जोड काढला, थोडं थांबले, तारांची अदलाबदल केली, रुद्रेशनं वाढवलेला वाटा पुन्हा मूळ आकड्यावर आणला. चिठ्ठ्या शांतलिंगनी सीटवर बसून, पुढं तोंड करून, पुन्हा बांधल्या. घोड्यांवर आता उजवं चाक जास्त जोरात फिरलं.

चारला दहा कमी असताना मॅडमची गाडी फाटकातून आत आली. महेश्वरीनं हेल्मेट चढवलं.

शांतलिंग वळणाच्या आत, गोलाच्या मधोमध उभे राहिले. गाडी वेगात आली. डबे बाहेरच्या अंगाला उडणार म्हणून त्यांनी मान आखडली. पण उजव्या चाकानं मागून खांद्यानं रेटल्यासारखं झालं आणि गाडीचं नाक त्यांच्याकडे वळलं. जणू गोलाच्या मधोमध खुंटा रोवलाय आणि गाडी दाव्यानं त्याला बांधलीय. आठाच्या दुसऱ्या गोलात उजवं वळण आलं, तसा जोर डाव्या चाकाकडे गेला. आवाज बदलला नाही, धक्का बसला नाही. एवढी ओढाताण गुपचूप चालली होती.

"गोलाला सहा पूर्णांक दोन दशांश सेकंद," मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या. "एकही डबा पडला नाही. भरा गाडी टेम्पोत."

महेश्वरी उतरून आली, तर आज्जा वळणावर वाकून बसलेले. धुळीत आता बाहेरच्या चाकाचा दाब ठळक होता, आतल्याचा हलका.

"आज्जा, काय बघताय?"

"बस जरा," ते म्हणाले, आणि त्या दोन रेघांवरून बोट फिरवत राहिले.