बाटली हलता कामा नये

योगिनीवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. मारुती मंदिराजवळ एका खोलीत लॅपटॉप मांडून बसलेली बाई, नुसत्या फोटोवरून जाहिरात करते म्हणे! आमच्या आमरसाच्या बाटलीचा फोटो दिला, आठ सेकंदांची क्लिप आली, आणि बाटली गोल फिरता फिरता लेबलावरच्या 'हापूस'च्या जिलब्या झाल्या.

"दुसऱ्या कुणाचं लेबल चिकटवलंस काय गो?" मी सरळच विचारलं. मुंबईच्या दुकानदाराला मी निव्वळ हापूसचा शब्द दिला होता, तोही वडिलांच्या नावावर. माल टेम्पोत चढत होता, आणि ही क्लिप त्याच्या दुकानात पडद्यावर लागणार होती.

"नाही हो, उल्काताई. बाटली फिरवली की न दिसणारी बाजू या एआयच्या यंत्राला मनानेच रचावी लागते. त्यात अक्षरं बिघडतात, देवनागरी तर फारच. फिरवायला देवदत्तदादांनी सांगितलं होतं."

देवदत्त माझा धाकटा भाऊ. बाग मी बघते; कारखाना आणि लेबलं तो. "फिरती छान दिसते, ताई," तो शेजारून म्हणाला.

"खड्ड्यात गेलं छान. वाचता आलं पाहिजे."

योगिनीने प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायची सूचना, नव्याने लिहिला. बाटली स्थिर, लेबल समोर, कॅमेरा सावकाश जवळ. हलू देत फक्त मागची आंब्याची पानं. या वेळी मोठी अक्षरं टिकली, तळाची बारीक मात्र थरथरत होती. मग तिने मूळ फोटोतलं लेबल कापून क्लिपवर नेमकं बसवलं, कॅमेऱ्याबरोबर मोठं होत जाईल असं.

शेवटी पडदाभर लेबलच झालं. मला चष्म्याशिवाय वाचता आलं: हापूस गर चाळीस टक्के, तोतापुरी गर पन्नास टक्के, साखर.

"केलाच ना तुझ्या यंत्राने चावटपणा!"

"ताई, ही अक्षरं यंत्राची नाहीत. तुमच्या फोटोतलीच आहेत." तिने फोटो उघडून मोठा केला. तेच होतं.

चाखायला माझ्याकडे नेहमी वेगळी काढून ठेवलेली बाटली यायची, ते मला आत्ता आठवलं. देवदत्त मान खाली घालून घाम पुसत होता.

"कायद्याने छापावं लागतं, ताई. एवढं बारीक कोण वाचतं?"

इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. आठ दिवस मी या परक्या बाईवर डोळे वटारत होते. मी टेम्पोवाल्या रावजींना फोन लावला आणि पेट्या उतरवायला सांगितलं.

"क्लिपचं काय करू?" योगिनीने हळूच विचारलं.

"त्या दुकानदाराला पाठव," मी म्हटलं. "आहे तशी. मी त्याच्याशी बोलते."