राणीच्या कानातला मोती

“डोळे मीट. हात पुढे कर. आता सांग, कुठलं?”

दादाचा आवाज धाकटीला अजून ऐकू यायचा. तो बंदरावर हमाली करायचा, आणि परक्या खलाशांकडून मिळालेलं एखादं नाणं मुठीत लपवून घरी आणायचा. नाणं तिच्या तळहातावर ठेवलं की ती अंगठ्याने त्याची कड चाचपायची. घाईने डोळे उघडले तर टपली बसायची. “आधी कड, मग माप. चेहरा सगळ्यात शेवटी. चेहरा फसवतो गं बाई.”

धाकटी सोळा वर्षांची असताना दादा स्वतःच जहाजावर चढला. ते एकोणऐंशी साल. त्याच वर्षाच्या अखेरीस ताई ओट्याला टेकून म्हणाली होती, जहाज बुडालं. आई-बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यापुढे कुणी काही सांगितलं नाही, आणि धाकटीने काही विचारलं नाही. पण माणूस गेला तो कुठल्या पाण्यात, एवढं तरी कळावं की नाही? नकाशा दिसला की तिचं बोट आपोआप निळ्या रंगावर फिरायचं. निळा रंग संपायचा नाही, आणि बोटही थांबायचं नाही.

पुढे ती नाण्यांच्या लिलावाच्या पेढीत लागली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. लोक नाण्यांचे फोटो पाठवायचे, ती भिंग डोळ्याला लावून देश आणि काळ सांगायची.

रविवारी ताईच्या घरी रंगाचं काम निघालं. कपाट सरकवताना खणातला जुना कागद फाटला आणि त्याखालून एक फोटो जमिनीवर पडला. टेबलावर एक नाणं, शेजारी पेन्सिल बॅटरी, आणि कोपऱ्यात अंगठा. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. साखळदंडात सापडून चिरलं होतं ते, पुन्हा कधी जुळलं नाही.

धाकटी खालीच बसली. “ताई, हा दादाचा हात.”

“ते होय?” ताई ओल्या फडक्याने खिडकी पुसत राहिली. “गेला त्याच वर्षी पाठवलेला. शेवटचाच म्हण.”

“मला कधी दाखवला नाहीस!”

“तू रडून रडून अर्धी झाली होतीस. काय दाखवू? विसरूनही गेले मग.”

“नेऊ?”

“ने की. एका नाण्याचा फोटो तो, त्याचं काय लोणचं घालायचंय?”

धाकटीने फोटो वहीत घातला. रात्रभर तिला एकच वाटत राहिलं: नाणं ओळखलं की बंदर कळेल. त्याने शेवटची पावलं कुठल्या धक्क्यावर टाकली, ते कळेल. निळ्या रंगावर बोट ठेवायला एक जागा मिळेल.

सोमवारी पेढी उघडायच्या आधीच ती दिव्याखाली बसली. आधी कड. नाण्याचा काठ गोल नव्हता, पाकळ्या-पाकळ्यांचा होता, फुलासारखा. धातू पांढरा. मग माप. फोटोतल्या वस्तूचं खरं माप कळायला शेजारी ओळखीचं काहीतरी लागतं, आणि पेन्सिल बॅटरी जगात कुठेही पन्नास मिलिमीटरच्या आसपासच असते. फोटोत बॅटरी भरली छत्तीस, नाणं वीस. म्हणजे खरं नाणं अठ्ठावीस.

मॉरिशसचं दहा सेंटही पाकळ्यांचं आणि पांढरं, पण ते लहान. शिवाय त्यावरच्या राणीच्या डोक्यावर उंच मुकुट, फोटोतल्या राणीच्या नाही. हाँगकाँगचं वीस सेंट पाकळ्यांचं खरं, पण तेही लहान आणि पिवळं. फोटोतल्या राणीभोवती इंग्रजीत ‘क्वीन एलिझाबेथ द सेकंड’. खुद्द इंग्लंडच्या नाण्यावर तिचं नाव असं साध्या इंग्रजीत नसतं, तिथे नावापुढे लॅटिन आद्याक्षरं असतात. राहिलं एकच. हाँगकाँगचे दोन डॉलर.

“हाँगकाँग,” ती हळूच म्हणाली. बोटाला जागा मिळाली होती. तिने चिठ्ठीवर लिहिलं: ‘हाँगकाँग, दोन डॉलर, १९७५ ते ८४.’ एकोणऐंशी त्यात अगदी नीट बसत होतं.

मालक चहाचा पेला घेऊन आले. ते तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि तिच्या चुका काढणं हा त्यांचा आवडता नाश्ता. त्यांनी भिंग मागितलं.

“देश बरोबर. साल कशावरून लिहिलंत?”

“मुकुटाच्या जागी नुसती रत्नपट्टी दिसतेय की, तरुण राणीची.”

“दिसतेय की हवीय?” मालकांनी फोटो दिव्याकडे कलता केला. “चेहऱ्याला भुललात बाई तुम्ही. पट्टीवर क्रूस उभे आहेत, पाहिलेत? आणि तिच्या कानात काय आहे?”

धाकटीने पुन्हा भिंग लावलं. राणीच्या कानाच्या पाळीखाली एक बारीक ठिपका. मोती. गळ्याशी हाराची ओळ.

तिने चिठ्ठीवरचं साल खोडलं. आधीच्या नाण्यांवर राणीचा गळा आणि कान ओकेबोके. हार आणि कानातलं घातलेली राणी नाण्यांवर आली ती पंच्याऐंशी सालात. हे गिऱ्हाइकांना तिने शंभरदा सांगितलं होतं. आज तिनेच आपल्या हाताने दहा वर्षांच्या पट्ट्यात दादाला पुरलं होतं, कारण तिथे तो ठीक बसत होता.

“कुणाचा फोटो?” मालकांनी विचारलं.

“माझ्या भावाचा. एकोणऐंशीत वारला.”

मालकांनी पेला खाली ठेवला. फोटो तिच्या हातात परत दिला. मग म्हणाले, “जा तुम्ही. आजची नाणी मी बघतो.”

ताईचं घर रंगाच्या वासाने भरलं होतं. सामान मधोमध गोळा करून त्यावर चादरी टाकलेल्या, आणि त्यातच एका बुटक्या स्टुलावर ताई सुपात वाटाणे सोलत बसलेली. धाकटी चपला न काढताच आत आली.

“आलीस? बंदर सापडलं का तुझं?”

“सापडलं. हाँगकाँग.”

“बरं झालं बाई. सुटलीस एकदाची.” ताईचा अंगठा शेंगेत थांबला नाही.

“ताई, हे नाणं पंच्याऐंशीच्या आधी जगात नव्हतं.”

एक वाटाणा घरंगळत चादरीखाली गेला. ताई त्याच्याकडे बघत राहिली.

“तुमची ती भिंगं,” ती म्हणाली, “चुकतही असतील.”

“मी चुकले होते. तू सांगितलेलं साल खरं धरून चुकले.” धाकटी तिच्यासमोर जमिनीवर बसली. “राणीच्या कानात मोती आहे, ताई. आणि दादाचं नख चिरलेलंच आहे. सहा वर्षं झाली होती तुझ्या बुडालेल्या जहाजाला.”

ताईने सूप बाजूला सारलं. पदराने हात पुसले, कोरडे होते तरी पुसले. तिच्या तोंडून आवाज फुटला तो फार लहान होता, तिचा वाटू नये इतका.

“जहाज बुडालं नव्हतं. तो हाँगकाँगलाच उतरला, जहाजावरची नोकरी सोडून. बाबा म्हणाले, आपल्यासाठी मेला, धाकटीला तसंच सांगा. मी सांगितलं.”

“बाबा जाऊनही पस्तीस वर्षं झाली.”

“हो.”

“मग?”

ताईने वर पाहिलं.

“दर पत्रात तुलाच बोलवायचा तो. नऊ पत्रं आली, मग थांबली. तू लगेच गेली असतीस, मला माहीत होतं. बाबांचं नुसतं निमित्त गं. मला इथे एकटीला राहायचं नव्हतं, म्हणून मी तुला सांगितलं नाही.”