गच्चीपर्यंतचा डक्ट

शेगड्यांवरचा धूर ओढणारा हुड बसवून झाला होता, पण त्याचा पाइप भिंतीपाशी येऊन अडला होता. तिथून डक्ट गच्चीपर्यंत न्यायचा, तर गाळ्याच्या मालकांची लेखी परवानगी हवी.

"काका, आता तरी सही करा," मी म्हटलं.

"आधी लायसन्स दाखव. उद्या तुझं हॉटेल चालूच झालं नाही, तर माझ्या भिंतीला भगदाड कशाला?"

"अहो, डक्ट वर गेल्याशिवाय फायरवाले एनओसी देत नाहीत, आणि त्यांच्या एनओसीशिवाय लायसन्स मिळत नाही!"

"मग त्यांना समजाव."

"समजावलं. ते म्हणतात, मालकांना समजवा."

काकांनी हुडवरून निवांत बोट फिरवलं. "काम मात्र झकास झालंय हो."

माझं डोकंच फिरलं. "चुलीत घाला तुमचा गाळा! मी चालले सोडून."

"कशी जाशील, पोरी? तीन वर्षं दोघांपैकी कुणीच करार मोडायचा नाही, हे कलम तूच हट्टाने घालून घेतलंस. मी तुला मध्येच बाहेर काढीन, म्हणून घाबरली होतीस ना?"