दीपमालाचे आठ फोटो

फोटो मांडायची कॉम्प्युटरची स्क्रिप्ट मीच लिहिली आहे, त्यामुळे शिव्या घालायच्या तर दुसऱ्या कुणाला घालणार? कापलेला फोटो उचलायचा, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा करायचा, चार बाय सहा इंचाच्या कागदावर वर चार, खाली चार असा आठ वेळा मांडायचा आणि मध्ये कातरायच्या बारीक रेषा ओढायच्या. पूर्वी हे हाताने करताना एका फोटोला दहा मिनिटं जायची. आता एक कळ दाबली की झालं. तळोद्यात दुसऱ्या कुणाच्या दुकानात हे नाही, असं मी येईल त्याला ऐकवते.

त्या दिवशी साडेदहाला दीपमाला आली. वरच्या पाड्यावरची पोर, दुपारी नंदुरबारला नर्सिंगची प्रवेश परीक्षा. हॉल तिकिटावर चिकटवायला फोटो हवा होता. तिचा फॉर्म महिन्यापूर्वी मीच भरला होता, फोल्डर होतं. कळ दाबली, छापलं, कातरलं, पाकिटात घातलं. "पळ आता! दीडला गेट बंद होतं," असं म्हणून तिला पिटाळलं.

तिचं हॉल तिकीटही मीच छापून दिलं होतं; त्याची पहिली प्रत शाईच्या रेघा पडून वाया गेली होती. ती टेबलावरच होती. चुरगाळायला उचलली आणि समोर स्क्रीनवर नजर गेली. तिकिटावरच्या फोटोत कान दिसत होते. स्क्रीनवरच्या आठही दीपमालांचे कान केसांखाली!

मागच्या महिन्यात मी तिचे दोन फोटो काढले होते. पहिल्यात कान झाकलेले होते म्हणून केस मागे घ्यायला लावून दुसरा काढला, तोच फॉर्मला जोडला. दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये. पहिलीचं नाव 'crop', म्हणजे कापलेला; दुसरीलाही तेच दिलं, म्हणून कॉम्प्युटरने तिच्या नावापुढे कंसात एक आकडा लावून ठेवला. आणि माझी हुशार स्क्रिप्ट नुसतं 'crop' नाव शोधते! तिकिटावर तर स्पष्ट छापलं होतं, फॉर्मला जोडलेलाच फोटो चिकटवा, दुसरा असल्यास प्रवेश मिळणार नाही.

फोन लावला. नंबर तिच्या बापाचा, वीरसिंगचा. तो पाड्यावर, तिथे रेंज कुठली!

पहिली फाइल उडवली, दुसरीचं नाव बदललं, स्क्रिप्ट चालवली. छापताना घाईत 'पानात बसवा'वरची खूण काढायची राहिली. फुटपट्टी लावली तर फोटो तेहतीस मिलिमीटरचा. अगं बाई! खूण काढली, पुन्हा छापलं. तो प्रिंटर असा निवांत कागद ओढत होता की त्याला धरून हलवावंसं वाटलं. या पोरीचं वर्ष माझ्यामुळे गेलं तर मी कुणाला तोंड दाखवू? कातरताना एक फोटो नाकावरच कापला गेला.

"काय व्हयनं वं चेतना?" आतून सासूबाई, सिंधुबाई, ओरडल्या. उत्तर द्यायला वेळ कुठे होता? उरलेले फोटो पाकिटात घातले आणि स्कूटी काढली.

स्टँडवर नंदुरबारची जीप नव्हती. कोपऱ्यावरच्या पंपाशी नंदुरबारला जाणारी गोवालची जीप दिसली, डिझेल भरत होती.

"थांब रे भाऊ!"

"काय जायं ताई? गाडी निंघी ऱ्हायनी."

दीपमाला मागच्या सीटवर तिघींमध्ये दाबून बसली होती. मांडीवर प्लास्टिकची फाइल. मी पाकीट खिडकीतून आत कोंबलं. "तो फोटो नको. चुकीचा आहे. हा लाव. तो चिकटवला तर नाहीस ना?"

"नाही."

"देवा! का नाही चिकटवलास?"

ती खाली बघत हळू म्हणाली, "कान दिसत नव्हते. दुकानातच दिसलं मला."

"मग बोलायचं ना गं!" मी जवळजवळ खेकसलेच. जीपमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"तुम्ही कॉम्प्युटरवर केलं होतं ताई. मला वाटलं, तसाच लागत असेल. आणि तुम्ही घाईत होता."

"आणि गेटवर काय केलं असतंस?"

"काय माहीत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणजे पोर इथवर तेच घोकत आली होती. एकटी.

गोवालने गाडी सुरू केली. मला "नीट लिही" एवढंच म्हणता आलं. सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

दुकानात येऊन स्क्रिप्ट बदलली. फोल्डरमध्ये दोन फोटो असले तर ती आता थांबते, दोन्ही दाखवते आणि विचारते. मी स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवते. पहिलेच आले चुनीलालकाका, त्यांचेही दोन फोटो निघाले.

"यातला कुठला काका?"

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. हात जोडून म्हणाले, "तुम्ही कराल ते बरोबरच ना ताई."

"नाही काका," मी म्हटलं आणि उठून त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. "तुम्ही बघा. मी थांबते."