बेंबीपासून उजवीकडे

धाकटीला दुखण्याखुपण्याचं कौतुक नव्हतंच कधी. छापखान्यात कागदाने बोट चिरलं तरी चिकटपट्टी लावून कामाला लागणारी बाई ती! पण काल सकाळी बेंबीभोवती कळ आली, जेवण नकोसं झालं, एकदा उलटीही झाली. संध्याकाळपर्यंत तीच कळ सरकून उजवीकडे, पार खाली येऊन बसली.

तिने ताईला फोन केला. ताई वीस वर्षांची अनुभवी नर्स. तिच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

"अगं, गॅस आहे. गोळी घे नि झोप," ताई म्हणाली. "आणि आईकडे लक्ष ठेव हं, मी पहाटे निघतेय."

ताई मैत्रिणींबरोबर चार दिवस फिरायला चालली होती. अंथरुणाला खिळलेल्या आईला बघायला धाकटीच उरली होती.

रात्र कशीबशी सरली. सकाळी आईला शेजारच्या काकूंवर सोपवून धाकटी रिक्षात बसली, तर प्रत्येक खड्ड्याला जीव कळवळला. पोहोचली ती ताईच्याच इस्पितळात.

सर्जनबाईंनी पोटाच्या उजव्या खालच्या भागावर हळूच दाबलं आणि हात झटकन उचलला. दाबताना दुखलं, सोडताना तर धाकटी ओरडलीच. मग रक्त, लघवी, सोनोग्राफी. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, आणि पडद्यावर सुजलेली एक नळी, दाबूनही न चेपणारी.

"अपेंडिक्स. सुरुवातीला बेंबीशी दुखतं, मग सूज पोटाच्या अस्तराला लागली की दुखणं तिथे सरकतं. आजूबाजूला पाणी दिसतंय, म्हणजे बहुतेक फुटलंय. पू पोटभर पसरला तर जिवावर बेततं. लगेच ऑपरेशन. पाणीसुद्धा प्यायचं नाही." बोलता बोलता बाई थबकल्या. "थांबा. तुम्ही सिस्टरच्या बहीण ना? मग काल रात्रीच का नाही आलात?"

"काल?"

"त्यांनी मला फोन केला होता की! दुखणं सरकलंय म्हणाल्या. मी सांगितलं, एक मिनिट घालवू नका, आत्ता आणा. त्या म्हणाल्या, निरोप देते."

ताईला माहीत नव्हतं असं नाही तर! माहीत होतं, विचारलंही होतं, उत्तरही मिळालं होतं. आणि मग तिने बॅग भरली. सख्खी बहीण! परक्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाली असती ती, पण इथे शिवी कोणाला घालायची? दोघींची आई एकच.

तिने संमतीपत्रावर सही केली. तेवढ्यात उशाशी फोन वाजला. ताई. मागे मैत्रिणींचं खिदळणं ऐकू येत होतं.

"काय गं, गेला का गॅस? आईचं औषध दिलंस ना?"

धाकटीने डोळे मिटून घेतले.

"आईचं औषध काकू देतील. तू सावकाश ये, ताई. तुझ्या मॅडम इथेच आहेत, तू न दिलेला कालचा निरोप त्यांनीच मला दिला."

धाकटीने फोन बंद केला आणि वॉर्डबॉयला म्हणाली, "चला."