ओंजळ मापाची गिऱ्हाइकं

खरं तर धाकटीने खूश व्हायला हवं होतं. दोघी जावांच्या बाळकपड्यांच्या पेजवर दर आठवड्याला नवी माणसं येत होती, बाळांच्या फोटोंखाली लाइकच्या बदामांचा नुसता पाऊस पडत होता. ऑर्डरींचा मात्र दुष्काळ. शिवणखोलीतलं मशीन दुपारनंतर गप्प राहू लागलं, आणि एक दिवस थोरली जाऊ सहज बोलावं तसं बोलून गेली, "महिनाअखेरीस बहिणीकडे जाईन म्हणते. मशीनही नेईन."

"परत कधी येणार, ताई?"

"बघू." थोरलीने दाताने दोरा तोडला.

धाकटीने तो 'बघू' रात्रभर उलटसुलट करून पाहिला. सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं या बाईने तिचं केलं होतं. धाकटीची लेक ठकी दिवस पुरे व्हायच्या आधीच जन्मली, काचेच्या पेटीत महिनाभर राहिली, तेव्हा तिच्या मापाचं अंगडं कुठल्याच दुकानात मिळेना. ते थोरलीने दिलं होतं. पुढून उघडणारं, नळ्या निघायला जागा असलेलं, शिवण बाहेरून घेतलेलं, म्हणजे कातडीला टोचू नये. त्यातून हा धंदा उभा राहिला. शिवायचं थोरलीने, पेज सांभाळायचं धाकटीने. तीन मापं: ओंजळ, कूस आणि मांडी. ओंजळ सगळ्यात लहान.

काम कमी म्हणून ताई चालल्या, असा धाकटीने हिशेब केला. म्हणजे काम वाढलं की राहतील. आणि काम वाढवायचं तर गिऱ्हाइकं कुठे गळतात ते आधी शोधायला हवं.

ॲप रोज किती जण सोडून गेले ते दाखवायचं, कोण गेलं ते नाही. म्हणून ती दर रविवारी फॉलोअर्सची यादी उतरवून घेऊ लागली. मागच्या यादीतलं जे नाव नव्या यादीत नाही, ते गेलं. ऑर्डरी मेसेजवरच यायच्या, त्यामुळे गेलेल्यांपैकी कुणी काय घेतलं होतं तेही जुळवता येई. ठकी झोपली की लॅपटॉप मांडीवर, ठकी उठली की ठकी मांडीवर.

"लोक आलेल्यांना मोजतात, तू गेलेल्यांना मोजतेस," नवरा म्हणाला. "वरात निघून गेल्यावर चपला मोजायच्या!"

"चपला कुणाच्या हरवल्या ते तेव्हाच कळतं," ती म्हणाली.

गेलेल्यांचे तीन ढीग पडले. पहिला फुकट्यांचा. टोपीच्या सोडतीसाठी आलेले, निकाल लागला की पसार झालेले. गेले ते बरंच झालं. दुसरा ढीग बाळं मोठी झालेल्यांचा. तिन्ही मापं घेऊन झाली, आता आपलं काम काय? त्यांनी सुखाने जावं. तिसऱ्या ढिगाशी मात्र ती अडखळली. या बायकांनी ओंजळ घेतलं होतं, कूस कधीच घेतलं नव्हतं. जुन्या मेसेजांत पाहिलं तर नवी गिऱ्हाइकं यांच्याच नावाने यायची. 'वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या ताईंनी सांगितलं.' फोटोला बदाम देणारे शंभर असोत, धंदा या मूठभर बायकांच्या सांगण्यावर चालला होता. आणि त्याच निघून चालल्या होत्या; ॲपच्या रोजच्या आकड्यांत ही गळती मंगळवारी नाहीतर बुधवारी दिसायची.

मंगळवारी दोन गोष्टी व्हायच्या. नव्या किमती लागायच्या, आणि 'तेव्हा आणि आता'ची पोस्ट पडायची. पेटीतलं बाळ एका बाजूला, तेच बाळ वर्षाचं होऊन हसताना दुसऱ्या बाजूला. पेजवरची सगळ्यात लाडकी पोस्ट. धाकटीचा संशय अर्थात किमतींवर गेला. तीन आठवडे तिने फोटो थांबवले, किमती चालू ठेवल्या. तिसऱ्या ढिगात एकही नाव पडलं नाही.

तरी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून चौथ्या मंगळवारी तिने 'तेव्हा आणि आता' पुन्हा टाकली. चांगल्यात चांगला फोटो निवडला, ठकीचा. बदामांचा उच्चांक झाला. यादी उतरवायला रविवारची वाट न पाहता तिने गुरुवारीच उतरवली, तर ओंजळवाल्या आठ जणी गेल्या होत्या.

सापडलं म्हणून तिला जरा आनंदच झाला. त्या आनंदातच तिने आठांपैकी एकीला मेसेज केला. ही बाई कितीतरी जणींना इकडे पाठवणारी. 'काही चुकलं का आमचं?'

उत्तर संध्याकाळी आलं. 'कपडे छान होते. माझ्या बाळाने शेवटपर्यंत तेच घातलं होतं. दर मंगळवारी कुणाचं तरी मोठं झालेलं बाळ बघवत नाही, म्हणून गेले. रागावू नका.'

धाकटीने यादी पुन्हा उघडली. ओंजळ घेतलं आणि कूस घेतलं नाही. एवढं समोर दिसत असून तिने त्या रकान्याला 'पुन्हा खरेदी नाही' असं नाव दिलं होतं.

ती शिवणखोलीत गेली. थोरली उरलेल्या कापडाच्या घड्या घालत होती.

"ताई, कळलं कोण जातंय ते." तिने सगळं सांगितलं, भराभर, मेसेजसकट. "आता ते फोटो बंद. कायमचे. त्या बायका परत सांगायला लागतील, काम येईल. तुम्हाला जावं लागणार नाही."

थोरलीने घडीवरून हात फिरवला. "फोटोंमुळेच जातात हे ओळखलंस कसं?"

"तीन आठवडे बंद ठेवले ना. मग खात्री करायला पुन्हा एक टाकला."

"कुणाचा?"

धाकटीचा आवाज उतरला. "ठकीचा."

"मग? पटली खात्री?"

बाहेरच्या खोलीत ठकी डब्यावर चमचा बडवत होती.

"तुम्ही... पाहिला नाहीत?"

"मला तुझ्या पोस्टी दिसत नाहीत गं. तू पहिल्यांदा तिचा फोटो टाकलास ना, तेव्हाच म्यूट केलं. सोडूनच गेले असते, तर तुझ्या यादीत घरच्याच माणसाचं नाव पडलं असतं." थोरली किंचित हसली. "म्यूट केलेलं कुठल्या आकड्यात येतं का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"त्या 'तेव्हा'मध्ये तिच्या अंगात काय आहे, बघितलंस कधी?"

धाकटीला बघायची गरज नव्हती. पिवळं अंगडं, निळे बंद. थोरलीने ते दवाखान्याच्या बाकावर बसून हाताने शिवलं होतं, स्वतःच्या मुलासाठी. तो त्या पेटीतून घरी आलाच नाही. दोन वर्षांनी तेच अंगडं तिने ठकीसाठी ट्रंकेतून काढलं आणि एक शब्दही न बोलता धाकटीच्या हातात ठेवलं.

"मी आनंदाने दिलं होतं," थोरली म्हणाली. "पोरीला ऊब मिळावी म्हणून. लोकांनी बघावं म्हणून नाही."

"ताई, मी काढते. आत्ता काढते."

"काढ."

तिने तिथेच उभ्याने एकेक फोटो काढून टाकला. ठकीचा सगळ्यात शेवटी, कारण डोळ्यांतल्या पाण्यामुळे बटण सापडेना. "मग नाही ना जाणार?"

थोरलीने तिच्या गालावरचं पाणी आपल्या पदराने टिपलं. "जाणार, बाळा. ठकी आता चालायला लागलीय. माझ्या मशीनला धरून उभी राहते. तिचा राग नाही मला, देवाशप्पथ नाही. पण फोन उलटा ठेवता येतो, ही तर दिवसभर समोर." घड्यांची चळत तिने पिशवीत भरली. "ओंजळ मी तिकडून शिवून पाठवत जाईन. ते दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. शिवण आत जाईल."

महिनाअखेरीस ती गेली. थोरल्या भावजींनी सोडायला जाताना पिशव्या आणि मशीन टेम्पोत चढवलं, ठकीने दारातून हात हलवला.

रविवारी धाकटीने सवयीने यादी उतरवली आणि जुनीशी ताडून पाहिली. फुकटे काही गेले होते. तिसऱ्या ढिगात त्या आठवड्यात कुणीच नव्हतं. तिने लॅपटॉप मिटला आणि ठकीला शोधायला उठली. ठकी शिवणखोलीत होती. मशीन होतं त्या जागी फरशीवर चार गोल डाग राहिले होते, त्यांच्या मधोमध बसून ती धरून उभं राहायला काहीतरी शोधत होती.